एकाच पेशंटमध्ये आधी पातळ लघवी, मग घट्ट लघवी, मग परत पातळ: ऑस्मोलर क्लिअरन्स आणि फ्री वॉटर क्लिअरन्सची एक केस

ही केस ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमधली आहे, घोडबंदर रोडच्या बाजूला, नाव नको. ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी आकडे हिशेब करता यावा म्हणून थोडे गोल केलेत. ऑस्मोलर क्लिअरन्स म्हटलं की एमबीबीएसच्या फर्स्ट इयरची वायवा आठवते आणि त्यानंतर तो विषय कोणी काढत नाही, मीपण काढला नव्हता, पण या एका काकूंनी दहा-अकरा दिवसांत तोच फॉर्म्युला माझ्याकडून तीनदा करून घेतला आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.

काकू ऐरोलीच्या, वय ५२, वजन ५८ किलो. पिट्युटरीची गाठ होती, नजर कमी व्हायला लागली म्हणून नाकातून ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान झालं. हायड्रोकॉर्टिसोन चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेलो तर काका म्हणाले, "डॉक्टर, ही रात्रभर पाणी मागतेय, अन् ती पिशवी सिस्टरनी चारदा रिकामी केली." काकूंना विचारलं तर म्हणाल्या फ्रीजमधलं गार पाणीच पाहिजे, साधं नको. गार पाण्याचीच तहान हे ऐकलं की कान टवकारायचे.

लघवी तासाला ३०० मिली. ज्युनिअर म्हणाला सर, ऑपरेशनमध्ये सलाईन भरपूर गेलंय तेच बाहेर पडतंय. दुसरा म्हणाला स्टिरॉइडनी शुगर वाढली असेल. तिसरं कारण कोणी बोललं नाही पण चार्टवर होतं, ओटीमध्ये मॅनिटॉल दिलं होतं. तिन्ही शक्य आहेत आणि तिन्हींत लघवी भरपूरच होते, म्हणजे नुसता आकडा बघून काही कळणार नाही. प्रश्न असा की किडनी एवढं पाणी का सोडतेय, सोल्युट बाहेर काढायचंय म्हणून त्याच्यामागून पाणी जातंय की पाणी धरूनच ठेवता येत नाहीये.

इथे ऑस्मोलर क्लिअरन्स कामाला येतो. कल्पना सोपी आहे, फक्त ती कल्पना आहे हे विसरायचं नाही. लघवीचे मनातल्या मनात दोन भाग करायचे. पहिला भाग असा की दिवसभरातलं सगळं सोल्युट, म्हणजे मीठ, युरिया, पोटॅशियम वगैरे, प्लाझ्माइतक्याच घट्टपणाने विरघळवायला जेवढं पाणी लागलं असतं तेवढा, हा ऑस्मोलर क्लिअरन्स. उरलेला भाग म्हणजे नुसतं पाणी, ज्याच्यात काहीच नाही, हा फ्री वॉटर क्लिअरन्स. लघवी प्लाझ्मापेक्षा पातळ असेल तर हे उरलेलं पाणी प्लसमध्ये येतं, घट्ट असेल तर मायनसमध्ये, म्हणजे किडनीनी तेवढं शुद्ध पाणी उलट शरीरात परत घेतलं. अर्थात किडनीत असे दोन नळ कुठेच नाहीत, तो हिशेबाचा खेळ आहे, पण किडनी दोन वेगळी कामं करते ती या दोन आकड्यांत वेगळी दिसतात.

```
C_osm = (U_osm × V) / P_osm
C_H2O = V − C_osm
```

V म्हणजे मिनिटाला किती लघवी, बाकी दोन म्हणजे लघवीची आणि प्लाझ्माची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या सोल्युटचा घट्टपणा.

आता चार तास मोजून लघवी घेतली, १२०० मिली, म्हणजे मिनिटाला ५ मिली. सिस्टरला सांगून युरोमीटरवालं कनेक्शन लावलं, कारण साध्या पिशवीत रात्री मावशींनी रिकामी केलेली एक खेप मोजायची राहिली की सगळा हिशेब बोंबलतो. रक्ताचं सॅम्पल त्या चार तासांच्या मध्यावर काढलं. हे दिसायला छोटं आहे पण सोडियम तासातासाला हलणाऱ्या पेशंटमध्ये सकाळचं रक्त आणि संध्याकाळची लघवी जुळवली तर जे येतं त्याला काही अर्थ नसतो.

अडचण अशी की आमच्याकडे ऑस्मोमीटर नाही. ते मशीन फ्रीझिंग पॉइंट किती खाली गेला त्यावरून ऑस्मोलॅलिटी काढतं, पण सॅम्पल ऐरोली पुलावरून नवी मुंबईच्या मोठ्या लॅबला जातं आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत काकूंचं काय? म्हणून आम्ही घरचा हिशेब करतो. लघवीचं सोडियम आणि पोटॅशियम मिळवून दुप्पट करायचं, त्यात युरिया भागिले ६ मिळवायचं. काकूंचं लघवीतलं सोडियम १८, पोटॅशियम १२, म्हणजे ३० ची दुप्पट ६०, युरिया २०० भागिले ६ म्हणजे ३३, एकूण ९३. लघवीत साखर नव्हती, असती तर ती पण भागिले १८ करून मिळवावी लागली असती. प्लाझ्माचं तसंच, सोडियम १४९ ची दुप्पट २९८, शुगर १२६ म्हणजे ७, युरिया ३० म्हणजे ५, एकूण ३१०. या घरच्या हिशेबात एक भोक आहे, मॅनिटॉलसारखी जी गोष्ट आपण मोजतच नाही ती त्यात येत नाही, म्हणून लॅबचा रिपोर्ट शेवटी लागतोच. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा दोन्ही आकडे जवळपास तेच निघाले, म्हणजे लपलेलं सोल्युट नव्हतं, म्हणजे मॅनिटॉल केव्हाच निघून गेलं होतं.

९३ भागिले ३१० म्हणजे ०.३. मिनिटाला ५ मिली गुणिले ०.३ म्हणजे ऑस्मोलर क्लिअरन्स १.५ मिली. उरलेले ३.५ मिली फ्री वॉटर, प्लसमध्ये. दर मिनिटाला साडेतीन मिली नुसतं पाणी, दिवसाला ५ लिटर.

मी ज्युनिअरला विचारलं, लघवी पातळ आहे हे कळायला फॉर्म्युला लागला का? नाही लागला. ९३ हे ३१० पेक्षा कमी आहे, झालं, चिन्ह प्लस येणार हे डोळ्यांनी दिसतं. फॉर्म्युला लागतो तो किती हे कळायला, आणि दुसरं म्हणजे सोल्युटचा वाटा बाजूला काढून बघायला. दिवसाला ७.२ लिटर गुणिले ९३ म्हणजे ६७० मिलीऑस्मोल. नॉर्मल खाणारा माणूस दिवसाला साधारण ६०० ते ९०० टाकतो, म्हणजे काकूंची किडनी सोल्युट अगदी नेहमीएवढंच टाकत होती. सलाईन बाहेर पडत असतं किंवा साखर किंवा मॅनिटॉल पाणी ओढत असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं, लघवी तेवढीच ७ लिटर पण घट्टपणा प्लाझ्माच्या आसपास, ३०० च्या वर, सोल्युट २००० च्या पुढे, आणि फ्री वॉटर शून्याच्या आजूबाजूला. तसा पेशंट लघवी भरपूर करतो पण पाणी वाया घालवत नाही. काकूंचं उलटं होतं.

थोडं किडनीच्या आत जाऊ, कारण पुढची सगळी गंमत तिथेच आहे. लूप ऑफ हेन्लेचा जो जाड चढता भाग असतो तो मीठ ओढून बाहेर काढतो पण पाण्याला दार उघडत नाही. म्हणून तिथून पुढे जाणारा द्रव प्लाझ्मापेक्षा पातळच असतो, प्रत्येकाच्या किडनीत, रोज. फ्री वॉटर तयार होतं ते इथे. पुढे कलेक्टिंग डक्टमध्ये ठरतं की ते बाहेर जाऊ द्यायचं की परत घ्यायचं. व्हॅसोप्रेसिन हे पिट्युटरीतून सुटणारं हॉर्मोन असेल तर डक्टच्या भिंतीत अ‍ॅक्वापोरिन-२ च्या पाण्याच्या वाटा बसतात, आणि बाहेर मेड्युला खारट असते म्हणून पाणी आपोआप तिकडे निघून जातं आणि लघवी घट्ट होते, पार १२०० पर्यंत जाऊ शकते. व्हॅसोप्रेसिन नसेल तर दारं बंद, तोच पातळ द्रव तसाच खाली, ५० पर्यंत पातळ. म्हणजे पातळ लघवी करायला लूप आणि त्याच्या लगेच पुढचा भाग नीट लागतो, घट्ट करायला लूप पण लागतो आणि हॉर्मोन पण. फ्युरोसेमाइड लूपच मारतं म्हणून त्यावर असलेला पेशंट ना नीट पातळ करू शकत ना नीट घट्ट. थायझाइड पुढच्या भागात काम करतं, मेड्युलाला हात लावत नाही, म्हणून पातळ करणं बिघडतं पण घट्ट करणं शाबूत राहतं, आणि म्हणूनच बीपीच्या त्या गोळीवर असलेल्या आजी-आजोबांचं सोडियम जास्त पडतं. असो.

काकूंच्या पिट्युटरीला धक्का बसला होता, व्हॅसोप्रेसिन येत नव्हतं. याला आपण डायबेटिस इन्सिपिडस म्हणतो, २०२२ पासून व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी म्हणायचं ठरलंय, वॉर्डात मात्र सगळे डीआयच म्हणतात. त्याच्याच जागी काम करणारं औषध, डेस्मोप्रेसिन, १ मायक्रोग्रॅम त्वचेखाली दिलं, दोन तासांत लघवी तासाला ७० मिलीवर आली. काका एवढे खूश झाले की सगळ्या स्टाफला चहा पाजला. आम्ही पुढचे डोस ठरावीक वेळेवर लिहिले नाहीत, लागेल तेव्हाच द्यायचे असं ठरवलं, आणि ते बरं झालं हे पुढे कळेल. तिसऱ्या दिवशी रात्री शेवटचा डोस गेला, मग लागला नाही. पाचव्या दिवशी सोडियम १३९, लघवी नॉर्मल, काकू घरी.

घरी सोडताना मीच म्हणालो होतो, "काकू, पाणी भरपूर पीत राहा, तहान लागली तर थांबू नका." ही चूक माझी. आदल्या तीन दिवसांचा पेशंट डोळ्यासमोर होता, पुढच्या तीन दिवसांचा नव्हता.

सातव्या दिवशी दुपारी काका घेऊन आले. डोकं दुखतंय, मळमळतंय, दोनदा उलटी, आणि जरा गप्प-गप्प. घरी दिवसाला तीनेक लिटर पाणी आणि वर लिंबू सरबत, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून अगदी प्रामाणिकपणे. वजन ६० किलो, दोन दिवसांत दोन किलो वर. सोडियम १२६.

पुन्हा तोच हिशेब. सहा तास लघवी मोजली, २८८ मिली, मिनिटाला ०.८ मिली. लघवीतलं सोडियम १४०, पोटॅशियम ४०, युरिया ९६०. दुप्पट ३६० आणि युरियाचे १६०, एकूण ५२०. प्लाझ्मा २५२ अधिक शुगरचे ६ अधिक युरियाचे ३, २६१, सोयीसाठी २६० धरू. ५२० भागिले २६० म्हणजे २. ऑस्मोलर क्लिअरन्स ०.८ गुणिले २ म्हणजे १.६ मिली. फ्री वॉटर ०.८ वजा १.६, म्हणजे मायनस ०.८ मिली मिनिटाला. दिवसाला साधारण सव्वा लिटरच्या थोडं खाली एवढं शुद्ध पाणी किडनी परत शरीरात ढकलत होती, आणि तेही शरीरात आधीच पाणी जास्त झालेलं असताना.

आता दोन दिवसांचे आकडे शेजारी ठेवून बघा. लघवी मिनिटाला ५ वरून ०.८ वर आली, सहापट कमी. पण ऑस्मोलर क्लिअरन्स तेव्हा १.५ आणि आता १.६. हलला नाही म्हटलं तरी चालेल. सोल्युटचं काम किडनी दोन्ही वेळा तेवढंच करत होती, तेव्हा ६७०, आता ६०० मिलीऑस्मोल. बदललं ते फक्त पाण्याचं, प्लस ३.५ वरून मायनस ०.८. मला वाटतं या दोन आकड्यांची खरी किंमत इथे कळते. नुसती लघवीची क्वांटिटी बघितली असती तर "किडनी मंद झाली का, क्रिएटिनिन बघा" असं कोणीतरी म्हणालंच असतं, आणि एकाने म्हटलंही.

कारण असं की पिट्युटरीच्या मागच्या भागातली जखमी मज्जातंतूंची टोकं मरताना त्यांच्यात साठलेलं व्हॅसोप्रेसिन सुटून बाहेर येतं, हवंय-नकोय कोण बघतो. हे साधारण आठवडाभराने होतं आणि काही दिवस टिकतं. पण हे आकड्यावरून कळत नाही हं. फ्री वॉटर मायनस आलं याचा अर्थ एवढाच की लघवी घट्ट होतेय, का होतेय हे तो सांगत नाही. कॉर्टिसोल कमी पडलं तरी असंच दिसतं, म्हणून हायड्रोकॉर्टिसोन वेळेवर घेतलंय का हे आधी विचारलं, घेतलं होतं. डेस्मोप्रेसिनचा असर राहिला म्हणावा तर शेवटचा डोस तीन-चार दिवसांपूर्वीचा. मेंदूच्या ऑपरेशननंतर मीठच वाहून जातं असाही एक प्रकार असतो, त्यातही फ्री वॉटर मायनसच येतं, तिथे फरक पेशंटकडे बघून करावा लागतो, तो सुकलेला असतो, बीपी पडतं, वजन घटतं. काकूंचं वजन वाढलं होतं. ही गोष्ट कॅल्क्युलेटरमध्ये नसते.

त्या रात्री एक गडबड झाली. मी पाणी मोजून द्या असं लिहून घरी गेलो, पण नाइटला जो होता त्याने १२६ बघितलं, उलट्या झाल्या होत्या, ओठ कोरडे दिसले, आणि त्याने एक लिटर नॉर्मल सलाईन लावलं. सोडियम कमी आहे, सलाईनमध्ये सोडियम आहे, सरळ हिशेब. सकाळी सोडियम १२४ आणि काकूंना झोप येतेय, हाक मारल्यावर दोन सेकंदांनी बघतात.

सलाईन देऊन सोडियम कमी कसं झालं? परत तीच दोन भागांची कल्पना. एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये १५४ सोडियम आणि १५४ क्लोराइड, ३०८ मिलीऑस्मोल. शरीराला त्या मिठाची गरज नव्हती, किडनीने ते बाहेर टाकलं. पण ही किडनी तेव्हा ५२० च्या घट्टपणाने टाकत होती. घट्टपणा तसाच राहिला असं धरलं तर ३०८ भागिले ५२० म्हणजे ०.५९ लिटर. म्हणजे सगळं मीठ बाहेर टाकायला ५९० मिली लघवी पुरली आणि लिटरमधलं उरलेलं ४१० मिली पाणी, बिनमिठाचं, आत राहिलं. काकूंच्या शरीरात पाणी साधारण २९ लिटर, त्यात ४१० मिली नुसतं पाणी मिळवलं की १२६ चं १२४ आणि काही होतं. कागदावरचं आणि लॅबचं बरोबर जुळलं, ज्युनिअर माझ्याकडे बघतच राहिला. नियम असा की जे चढवताय ते लघवीपेक्षा घट्ट असलं पाहिजे. ३ टक्के सलाईनमध्ये सोडियम ५१३, ऑस्मोलॅलिटी हजाराच्या वर, ती ५२० च्या पुढे आहे म्हणून ते चालतं. १५० मिली वीस मिनिटांत दिलं, थोड्या वेळाने अजून एकदा, सोडियम १२८ झालं, काकू उठून बसल्या आणि पहिलं वाक्य "मला चहा द्या". चहा अर्धा कप मिळाला. मग दिवसाला सगळं मिळून ८०० मिली, काकांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॉटला चिकटवलं.

इथे जरा थांबून फॉर्म्युल्यातली एक खोच सांगतो. वरच्या हिशेबात मायनस सव्वा लिटरच्या आसपास आलं, पण त्यात लघवीतला युरिया पण धरलाय. युरिया पेशींच्या आरपार फिरतो, तो गेल्या-आल्याने प्लाझ्माच्या सोडियमला फारसा फरक पडत नाही. सोडियम पुढे कुठे जाणार हा प्रश्न असेल तर युरिया वगळून फक्त सोडियम-पोटॅशियम धरायचं.

```
C_H2O(e) = V × (1 − (U_Na + U_K) / P_Na)
```

काकूंचं १४० अधिक ४० म्हणजे १८०, भागिले १२६ म्हणजे १.४३. दिवसाच्या १.१५ लिटरला लावलं तर मायनस अर्धा लिटर. चिन्ह तेच, आकडा निम्म्याहून कमी. पण नेहमीच चिन्ह तेच राहील असं नाही. आयसीयूत ट्यूबने भरपूर प्रोटीन चाललेला पेशंट असतो, लघवीची ऑस्मोलॅलिटी ४५० पण त्यातलं बहुतेक युरिया, सोडियम-पोटॅशियम मिळून जेमतेम ७०. जुन्या फॉर्म्युल्याने लघवी घट्ट, पाणी वाचतंय. नव्याने बघितलं तर पाणी वाया जातंय, आणि सोडियम रोज दोन-तीनने वर चाललंय. मग लोक म्हणतात किडनी तर पाणी वाचवतेय, सोडियम का वाढतंय. माझा स्वतःचा नियम एवढाच की किडनी पातळ बनवतेय की घट्ट, म्हणजे व्हॅसोप्रेसिन काय करतंय, हे विचारायचं असेल तर जुना फॉर्म्युला, आणि उद्या सोडियम काय असेल हे विचारायचं असेल तर नवा. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की फसतं.

परत काकूंकडे. तीन दिवस ८०० मिलीवर राहिल्या, सोडियम हळूहळू १३२. आम्ही निवांत. दहाव्या दिवशी रात्री दोनला सिस्टरचा फोन, "सर, तुमच्या पेशंटची बॅग परत भरली, दोन तासांत ५००." तासाला २५०, मिनिटाला ४.२. लघवीतलं सोडियम १५, पोटॅशियम ११, युरिया २३४, म्हणजे ५२ अधिक ३९, ९१. प्लाझ्मा २७४. ९१ भागिले २७४ म्हणजे एक तृतीयांश. ऑस्मोलर क्लिअरन्स १.४, फ्री वॉटर प्लस २.८. परत पहिल्यासारखं. ऑस्मोलर क्लिअरन्स तिसऱ्यांदा पण दीडच्या आसपास, १.५, १.६, १.४. साठलेलं व्हॅसोप्रेसिन संपलं होतं आणि नवं बनवणाऱ्या पेशी उरल्या नव्हत्या.

भीती वेगळीच होती. कॉटवर कागद अजून चिकटलेला होता, ८०० मिली. काकू पाणी मागत होत्या आणि काका ठामपणे नाही म्हणत होते, डॉक्टरांनी लिहून दिलंय म्हणून. सोडियमचा अंदाज काढायला नवा फॉर्म्युला लावला, २६ भागिले १३२ म्हणजे ०.२, तासाला २५० पैकी २०० मिली शुद्ध पाणी बाहेर. २९ लिटरमधून तासाला २०० मिली गेलं आणि काहीच प्यायला मिळालं नाही तर सोडियम तासाला ०.९ ने वर. सकाळच्या राउंडपर्यंत सात-आठने चढलं असतं, आणि कमी सोडियमचा पेशंट दिवसात ८ च्या वर चढू द्यायचा नसतो, मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला इजा होते. पाचला सोडियम १३४ आलं, म्हणजे तीन तासांत दोन, अंदाजाच्या जरा खालीच, कारण फोनवरच सिस्टरला सांगितलं होतं की तो कागद आधी फाडा आणि काकूंना मागतील तेवढं पाणी द्या. काका म्हणे सिस्टरशी भांडले. मी पोचल्यावर माझ्याशी पण थोडं भांडले, "परवा पाणी प्या म्हणालात, काल पिऊ नका म्हणालात, आता परत प्या?" त्यांचं चुकलं कुठे होतं?

डेस्मोप्रेसिन परत चालू झालं, सकाळी लघवी तासाला ६०. या वेळी काकांना शेजारी बसवून वहीत दोन रकाने आखून दिले, प्यायलं किती आणि झाली किती, आणि सांगितलं की पाणी तहानेइतकंच, ना जास्त ना कमी. वजन रोज सकाळी, एकाच काट्यावर.

दीड महिन्याने ओपीडीत आल्या तेव्हा सोडियम १३८, नजर सुधारलेली, डेस्मोप्रेसिनची गोळी रोज चालू, आता ती बहुधा कायमची. मी फक्त एक बदल केला, आठवड्यातून एकदा रविवारी सकाळची गोळी उशिरा घ्यायची, दोनदा भरपूर पाण्यासारखी लघवी होऊन गेली की मग, म्हणजे आत साठलेलं जास्तीचं पाणी निघून जातं. काकांनी वहीत रविवारपुढे लिहिलं, "आज प्लस".